पासवर्ड रिसेटची लिंक जोडताना या चुका टाळा

चालू ॲपमध्ये ‘पासवर्ड विसरलात?’ ही सोय मागाहून जोडायची झाली, की ते काम बहुधा टीममधल्या सर्वांत नव्या मुलाकडे जाते, कारण ते वरवर सोपे दिसते: टोकन बनवायचे, लिंक ईमेलने पाठवायची आणि लिंक उघडली की नवा पासवर्ड घ्यायचा. कोल्हापूर परिसरातील कारखानदार आणि व्यापारी यांच्यासाठी बनलेली ॲप्स तपासताना मला या कामात त्याच त्या चुका वारंवार आढळतात. त्यांतील एक चूक इतकी सार्वत्रिक आहे, की या लेखातील बरीचशी जागा मी तिलाच देणार आहे.

ती चूक म्हणजे लिंक उघडताक्षणी टोकन वापरले गेले असे धरणे. शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीचे ऑर्डर पोर्टल होते, ज्यात ग्राहक कंपन्यांच्या खरेदी विभागातील माणसे लॉगिन करून आपले कास्टिंग कधी निघणार हे पाहत असत. रिसेटची सोय सुरू झाली आणि फौंड्रीच्या ऑफिसात फोन येऊ लागले: “साहेब, मेल आल्या आल्या क्लिक केलं, तरी लिंक आधीच वापरली गेली आहे असंच दाखवतंय.” जीमेल वापरणाऱ्या लहान ग्राहकांची एकही तक्रार नव्हती, तक्रारी येत होत्या त्या स्वतःच्या डोमेनवर मेल असणाऱ्या मोठ्या कंपन्यांमधून. पोर्टल सांभाळणाऱ्याने हा फरक लक्षात न घेता लिंकची मुदत 30 मिनिटांवरून 24 तासांवर नेली. त्याने काहीच साधले नाही, तेव्हा त्याने एकदाच वापरण्याची अटच काढून टाकली. तक्रारी थांबल्या, आणि मेलबॉक्समध्ये पडून असलेली लिंक पूर्ण दिवसभर कोणालाही, कितीही वेळा पासवर्ड बदलू देऊ लागली. तक्रार थांबणे म्हणजे दुरुस्ती होणे, अशी समजूत असलेल्या घाईचा मला मनापासून राग येतो.

खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसत होते:

```
11:04:31  mail sent
11:04:38  GET /reset?token=...  200
11:09:52  GET /reset?token=...  410
```

मेल गेल्यानंतर सातव्या सेकंदाला लिंक उघडली गेली होती, आणि तो आयपी पत्ता ग्राहकाच्या ऑफिसचा नसून एका डेटा सेंटरचा होता. मोठ्या कंपन्यांच्या मेल सर्व्हरपुढे सुरक्षा स्कॅनर बसवलेला असतो. मेलमधील लिंक धोकादायक तर नाही ना, हे पाहण्यासाठी तो माणसाच्या आधी ती स्वतः उघडून बघतो. पोर्टलने तेवढ्यावरच टोकन बाद केले, आणि पाच मिनिटांनी खऱ्या माणसाच्या हाती मेलेली लिंक आली. लिंक व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना प्रिव्ह्यूसाठी ती आपोआप उघडली जाते, तेव्हाही हेच घडते.

यावर काही जण स्कॅनर ओळखून त्याला अडवण्याच्या मागे लागतात. तो मार्ग धरू नये, कारण पुष्कळ स्कॅनर आपली ओळख साध्या ब्राउझरचीच देतात. माझी पद्धत एकच आहे: `GET` विनंतीने फक्त नव्या पासवर्डचा फॉर्म दाखवावा, टोकन वैध आहे का एवढेच पाहावे आणि डेटाबेसमध्ये काहीही बदलू नये. टोकन खर्च व्हावे ते माणसाने पासवर्ड टाइप करून बटण दाबल्यावर, म्हणजे `POST` आल्यावर. पान उघडताच जावास्क्रिप्टने फॉर्म आपोआप पाठवण्याची हुशारी करू नये; काही स्कॅनर जावास्क्रिप्टही चालवतात, आणि मग आपण पुन्हा मूळ जागी येतो.

`POST` आल्यावरही आधी वाचून मग लिहिण्याची सवय नडते. ‘टोकन वापरलेले नाही’ हे एका क्वेरीने तपासले आणि ‘वापरले’ ही खूण दुसऱ्या क्वेरीने केली, तर त्या दोहोंच्या मध्ये आलेली दुसरी विनंतीही पार होते. तपासणी आणि खूण एकाच क्वेरीत करावी. पोस्टग्रेसमध्ये मी ते असे लिहितो:

```sql
UPDATE password_resets
   SET used_at = now()
 WHERE token_hash = $1
   AND used_at IS NULL
   AND expires_at > now()
RETURNING user_id;
```

ओळ परत आली तरच पुढे जावे, आणि पासवर्डचा बदल याच ट्रान्झॅक्शनमध्ये करावा. नवा पासवर्ड नियमात बसतो की नाही, हे मात्र या क्वेरीच्या आधी तपासावे. अन्यथा कोणी सहा अक्षरी पासवर्ड टाकला तर पासवर्ड नाकारला जातो आणि टोकनही खर्ची पडते.

वरच्या क्वेरीत `token_hash` आहे, `token` नाही, हे मुद्दाम आहे. मूळ टोकन जसेच्या तसे साठवले, तर डेटाबेसचा बॅकअप ज्याच्या हाती लागेल त्याला मुदत न संपलेल्या प्रत्येक लिंकने दुसऱ्याचे खाते उघडता येते. पायथनमध्ये `secrets.token_urlsafe(32)` ने टोकन बनवावे, ते फक्त ईमेलमध्ये जाऊ द्यावे आणि डेटाबेसमध्ये त्याचा SHA-256 हॅश ठेवावा. पासवर्डसाठी लागतो तसा मुद्दाम संथ हॅश येथे लागत नाही, कारण 256 बिटांचे यादृच्छिक टोकन अंदाजाने शोधता येण्यासारखे नसते. ईमेल आणि वेळ जोडून त्याचा `md5` काढणाऱ्यांनी ही सूट स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचे टोकन अंदाजाने काढता येते. एवढे करूनही सर्व्हरचा लॉग संपूर्ण पत्ता लिहून ठेवतो, त्यामुळे टोकन तेथून गाळण्याची व्यवस्था करावी.

जुन्या ॲपमध्ये मुदतीचा हिशेब वेळेच्या घोळामुळे चुकतो. ॲप भारतीय वेळेनुसार मुदत लिहिते आणि डेटाबेस यूटीसीनुसार ती तपासतो, अशी स्थिती असेल तर अर्ध्या तासाची लिंक सहा तास चालते, आणि सगळे सुरळीत दिसत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. उलटा घोळ असेल तर लिंक जन्मतःच मुदतबाह्य असते. तो निदान पहिल्याच दिवशी कळतो. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरीकडे शोधू नये. मुदत लिहिणे आणि तपासणे ही दोन्ही कामे डेटाबेसच्याच घड्याळावर सोपवावीत.

नवी लिंक मागितली की त्या खात्याच्या आधीच्या सर्व लिंक रद्द कराव्यात. ईमेल नोंदलेला असो वा नसो, पडद्यावरचा संदेश एकच असावा. लिंकमधील डोमेन सेटिंगमधून घ्यावे. विनंतीच्या `Host` हेडरमधून घेतल्यास ते बाहेरचा माणूस बदलू शकतो आणि टोकन त्याच्या साइटवर जाते.

पासवर्ड बदलल्यावर जुनी सेशन्स चालू ठेवण्याची चूक चालू ॲपमध्येच अधिक होते, कारण लॉगिनचा भाग दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला असतो आणि त्याला हात लावायला नवा माणूस धजत नाही. खाते चोरीला गेले म्हणून ज्याने पासवर्ड बदलला, त्याचा चोर मात्र आत तसाच बसून राहतो. सेशन्स डेटाबेसमध्ये असतील तर त्या खात्याची सर्व सेशन्स काढून टाकावीत. लॉगिन जेडब्ल्यूटीवर असेल तर खात्यात `password_changed_at` हा रकाना वाढवावा, आणि ज्या लॉगिन टोकनची `iat`, म्हणजे ते दिल्याची वेळ, त्याहून जुनी असेल ते प्रत्येक विनंतीच्या वेळी नाकारावे. ‘मला लक्षात ठेवा’च्या कुकीलाही हाच नियम लावावा.