आभाराच्या ई-मेलची दुरुस्ती : माझा अनुभव

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने चाचणीचा डेटा पाठवणाऱ्या जर्मन सहकारिणीसाठी आभाराचा ई-मेल लिहिला आणि पाठवण्यापूर्वी मला दाखवला. त्यात ‘आय ॲम व्हेरी मच थँकफुल टू यू फॉर गिव्ह मी द डेटा’ असे वाक्य होते. ‘फॉर’नंतर येणाऱ्या क्रियापदाला ‘आयएनजी’ लागते, म्हणून मी ते ‘थँक यू फॉर सेंडिंग मी द टेस्ट डेटा’ असे केले. ‘व्हेरी मच’सारख्या शब्दांचा भार काढून त्याजागी त्या मदतीचा उपयोग सांगणारे वाक्य जोडले: ‘इट हेल्प्ड अस फाइंड द एरर इन द रिपोर्ट.’ माझ्या मते आभार खरे वाटतात ते अशाच वाक्यामुळे.

अधिक विचार करावा लागला तो शेवटच्या ओळीचा: ‘काइंडली सेंड द रिमेनिंग फाइल्स ॲट द अर्लिएस्ट.’ भारतीय इंग्रजीत ती सर्रास चालते. परंतु आपल्याला नम्र वाटणारे हे आज्ञार्थी वाक्य परदेशी वाचकाला ताकीद वाटू शकते आणि आभार केवळ कामापुरते मानल्यासारखे दिसतात. ती विनंती मी वेगळ्या ई-मेलमध्ये, प्रश्नरूपात आणि निश्चित दिवसासह लिहायला सांगितली: ‘कुड यू प्लीज सेंड द रिमेनिंग फाइल्स बाय थर्सडे?’ त्या बाई स्वतः पहिल्या नावानेच सही करत असल्यामुळे ‘रिस्पेक्टेड मॅडम’ऐवजी ‘डिअर’ आणि ते नाव एवढेच ठेवले.