ऑडिट अहवालातून क्लोजर ट्रॅकर : सात सीएआर आणि तेरा ओळी

अंबाजोगाईहून पदविका पूर्ण करून मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका मशीनिंग कारखान्यात गुणवत्ता विभागात रुजू झालो, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्याकडे आलेले काम दिसायला कारकुनी होते. ग्राहक कंपनीच्या ऑडिटरने आमच्या गुणवत्ता व्यवस्थापन प्रणालीची आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणे तपासणी करून २६ पानांचा अहवाल पाठवला होता आणि त्यातील फाइंडिंग व सुधारात्मक कृतीच्या मागण्या, म्हणजे ज्यांना शॉपवर सगळे ‘सीएआर’ म्हणतात त्या, एक्सेलच्या क्लोजर ट्रॅकरमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंद बंद होईपर्यंत तिचा पाठपुरावा करण्याच्या तक्त्यात, उतरवायच्या होत्या. अहवालाच्या दुसऱ्या पानावर सारांशाचा तक्ता होता आणि त्यात सात एनसी, म्हणजे निकषाशी न जुळणाऱ्या बाबी, होत्या. मी त्या सात ओळी उतरवल्या आणि दोन तासांत फाइल साहेबांना पाठवली. त्यांनी फाइल उघडलीही नाही, फक्त विचारले, “चौदावं पान वाचलंस का?”

मी ते वाचलेले नव्हते. असा अहवाल तीन भागांत असतो: सुरुवातीला सारांश, मध्ये विभागवार सविस्तर नोंदी आणि शेवटी एकेका एनसीचा सीएआर फॉर्म. तीच फाइंडिंग या तिन्ही ठिकाणी येते, पण तीन ठिकाणचे शब्द सारखे नसतात. सारांश सर्वांत शेवटी आणि घाईत लिहिला जातो, त्यामुळे त्यात बारकावे गळतात. ट्रॅकरचा आधार सीएआर फॉर्म असला पाहिजे, आणि त्यानंतर सविस्तर भाग पहिल्या पानापासून वाचून प्रत्येक प्रतिकूल वाक्याला ट्रॅकरमध्ये ओळ आहे की नाही, हे ताडून पाहिले पाहिजे. असे वाचन केल्यावर माझ्या सात ओळींच्या तेरा झाल्या, आणि त्यांपैकी एकही मी पदरची घातलेली नव्हती.

वाढलेल्या सहांपैकी चार ओळी सुधारणेच्या सूचनांच्या होत्या. त्यांना उत्तर देणे बंधनकारक नव्हते, तरी वेगळ्या प्रकाराखाली त्यांची नोंद हवी होती. उरलेल्या दोन ओळी कुठून आल्या, ते सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस बहुधा तिथेच अडतो.

चौदाव्या पानावर आणि सीएआर क्रमांक ०४ मध्ये एकाच परिच्छेदात असे लिहिले होते की, अंतिम तपासणीत डिजिटल व्हर्नियर व्हीसी-१४ वापरात आढळला, ज्याच्या कॅलिब्रेशनची मुदत १२ जूनला संपलेली होती. तसेच सीएनसी-६ या मशीनवर ड्रॉइंगची ‘सी’ रिव्हिजन लावलेली होती, जेव्हा मास्टर लिस्टप्रमाणे चालू रिव्हिजन ‘डी’ होती. ऑडिटरने कलम फक्त ७.१.५ लिहिले होते. ते मोजमाप साधनांचे कलम आहे आणि व्हर्नियरला ते लागू पडते. जुने ड्रॉइंग मशीनवर राहणे हा मात्र ७.५.३ चा, म्हणजे दस्तऐवज नियंत्रणाचा विषय आहे. इथे ओळी किती कराव्यात, हे ठरवण्यासाठी मी आजही एकच प्रश्न विचारतो: यातील एक गोष्ट पूर्ण दुरुस्त झाली तरी दुसरी तशीच राहू शकते का? राहू शकत असेल, तर जबाबदार माणूस वेगळा, कारण वेगळे आणि पुरावाही वेगळा असणार, म्हणून ओळी दोन. याउलट तीन व्हर्नियरची मुदत संपलेली आढळली असती, तर तिन्हींचे क्रमांक पुराव्याच्या रकान्यात लिहून एकच ओळ पुरली असती, कारण तिथे परत मागवण्याची एकच पद्धत चुकलेली असते.

दोन ओळी केल्या तरी ऑडिटरचा सीएआर एकच आहे, हे विसरता येत नाही. म्हणून सीएआर क्रमांकाचा रकाना आणि आपल्या ओळीच्या क्रमांकाचा रकाना वेगळा ठेवावा. आमच्याकडे त्या ०४-अ आणि ०४-आ झाल्या आणि दोन्ही बंद झाल्याशिवाय ०४ बंद नाही, असा नियम ठरला. कलमांचेही तसेच आहे. ऑडिटरने लिहिलेले कलम जसेच्या तसे एका रकान्यात राहिले आणि ७.५.३ हे आम्ही ‘आमचे वर्गीकरण’ या रकान्यात टाकले. ऑडिटरच्या कागदावरील मजकूर आपण परस्पर बदलला, तर पुढच्या ऑडिटमध्ये त्याच्याकडची प्रत आणि आपला ट्रॅकर जुळत नाहीत आणि त्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागते.

तेरावी ओळ भांडाराच्या भागात दडलेली होती. “साठवणुकीची व्यवस्था चांगली आहे, मात्र पाहिलेल्या पाचपैकी दोन ड्रमवर शेल्फ लाइफची तारीख आढळली नाही” असे ते वाक्य होते. त्याला दर्जा दिलेला नव्हता, सीएआर नव्हता, सारांशात उल्लेख नव्हता. ‘मात्र’, ‘तथापि’, ‘वगळता’ हे शब्द अहवालात शोधून त्यांच्या पुढचे वाक्य मी तेव्हापासून दोनदा वाचतो. अशा नोंदीला आपण स्वतः एनसी म्हणू नये आणि तिला सूचनेत ढकलून मोकळेही होऊ नये. आम्ही दर्जाच्या रकान्यात ‘अनिर्णित’ लिहून ऑडिटरला मेल केला आणि ती एनसी नसून सूचना धरावी, असे त्याचे उत्तर आल्यावर तो मेल त्या ओळीला जोडला.

आता शब्दांविषयी. माझ्या पहिल्या फाइलमध्ये ०४ पुढे मी स्वतःच्या भाषेत “व्हर्नियरचे कॅलिब्रेशन झाले नव्हते” असे आटोपशीर लिहिले होते. साधनांचे कॅलिब्रेशन पाहणाऱ्या स्टँडर्ड रूमच्या प्रमुखांनी दुसऱ्याच दिवशी मागील वर्षीचे प्रमाणपत्र पाठवून “झालेले आहे, ओळ बंद करा” असे कळवले, आणि माझ्या वाक्यापुरते त्यांचे म्हणणे खरेच होते. मूळ फाइंडिंग मुदत संपल्यावरही साधन वापरात असल्याची होती. फाइंडिंगमध्ये निकष, पुरावा आणि विसंगती असे तीन भाग असतात, आणि संक्षेप करताना नेमका पुरावा पुसला जातो. त्यामुळे मूळ मजकूर शब्दशः आणि पान क्रमांकासह एका रकान्यात ठेवावा. संक्षेप हवाच असेल, तर तो शेजारी, केवळ यादी चाळण्यापुरता असावा.

तात्काळ दुरुस्ती, मूळ कारण आणि सुधारात्मक कृती हे तीन रकाने अहवालावरून भरायचे नसतात, ते रिकामेच ठेवायचे असतात. मी तेही भरले होते. ड्रॉइंगच्या नोंदीखाली ऑडिटरने “ऑपरेटरला प्रशिक्षण देता येईल” असे सुचवले होते आणि मी ते ०४-आ च्या सुधारात्मक कृतीत टाकले. साहेबांनी ते खोडायला लावले, कारण ट्रॅकर ग्राहकाकडे गेला की तिथले वाक्य आपले वचन होते. पुढे कारण शोधले तेव्हा कळले की, ‘डी’ रिव्हिजन देताना जुन्या प्रती वाटप नोंदवहीप्रमाणे परत घेतल्या होत्या, पण काम तुंबल्यामुळे हा भाग सीएनसी-६ वर हलवताना दिलेली प्रत त्या वहीत चढवलीच नव्हती. ऑपरेटरला कितीही प्रशिक्षण दिले असते, तरी ती प्रत मशीनवरच राहिली असती.

तारखांनी मला वेगळा धडा दिला. ऑडिट ३ जुलैला झाले, क्लोजिंग मीटिंग ४ जुलैला आणि सीएआर ८ जुलैला निघाले. “३० दिवसांत उत्तर” ही मुदत फॉर्मप्रमाणे सीएआर निघाल्यापासून, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत होती. मी 08/07 असे टाइप केले आणि माझ्या संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्याने एक्सेलने ते ७ ऑगस्ट समजून मुदत ६ सप्टेंबर दाखवली. चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण 08/07 दोन्ही अर्थांनी 08/07 च दिसते. ज्या तारखांचा दिवस १२ च्या पुढे असतो, त्या अशा संगणकावर तारीख न बनता मजकूर म्हणून राहतात आणि रकान्यात डावीकडे सरकलेल्या दिसतात. तीच खूण समजावी. रकान्याला `dd-mmm-yyyy` ही मांडणी दिली की महिना अक्षरांत दिसतो. ओळ किती दिवस खुली आहे, यासाठी मी हे सूत्र वापरतो. त्यात H मध्ये सीएआर निघाल्याची आणि K मध्ये बंद झाल्याची तारीख आहे.

```
=IF(K2="",TODAY()-H2,K2-H2)
```

०४-अ बंद करताना कोणता पुरावा मागायचा, हे मला तेव्हा अजिबात ठाऊक नव्हते. व्हर्नियर ३ जुलैलाच काढून घेतला आणि कॅलिब्रेशनला पाठवला. ६ जुलैच्या प्रमाणपत्रात ३० मिमीच्या स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर, त्याचे वाचन ३०.०३ आले, तर आमची स्वीकार्य चूक ०.०२ होती. माझ्या मते नवीन व्हर्नियर दिला की ओळ संपली. पण साधन सदोष निघाल्यावर त्याने आधी घेतलेली मापे ग्राह्य आहेत का, हे ठरवणे ७.१.५.२ प्रमाणे आवश्यक असते. त्यातही स्टँडर्ड रूमने मुदत संपल्यापासूनचे, म्हणजे १२ जूनपासूनचे रेकॉर्ड काढले होते. साहेबांनी सांगितले की, चूक मुदतीच्या दिवशी सुरू होत नाही. साधन शेवटचे बरोबर आढळले, तिथपर्यंत मागे जावे लागते. सुदैवाने १ जूनच्या मासिक पडताळणीत त्याच स्लिप गेजवर वाचन बरोबर आल्याची नोंद होती, अन्यथा वर्षभराचे कागद उपसावे लागले असते.

त्या व्हर्नियरने मोजलेल्या शाफ्टचा व्यास ३२ अधिक-उणे ०.१० मिमी होता, म्हणजे खालची मर्यादा ३१.९०. व्हर्नियर ०.०३ जास्त दाखवत असल्यास ३१.९० ते ३१.९२ वाचन आलेले शाफ्ट प्रत्यक्षात मर्यादेखाली असू शकतात. १ जून ते ३ जुलै या काळात अशी ११ वाचने दोन लॉटमध्ये सापडली. एक लॉट डिस्पॅचमध्येच होता, तो मायक्रोमीटरने पुन्हा मोजला. दुसरा गेलेला होता, त्याविषयी ग्राहकाला लेखी कळवले. ही सारी कागदपत्रे ०४-अ च्या पुराव्यात लागली, आणि मुदत संपण्यापूर्वी साधन परत मागवण्याची साप्ताहिक यादी ही सुधारात्मक कृती म्हणून नोंदली गेली.

ग्राहकाने उत्तर स्वीकारल्यावर मी ती ओळ हिरवी केली. माझ्या ट्रॅकरमध्ये स्थितीचा एकच रकाना होता आणि त्यात ‘बंद’ हा शेवटचा शब्द होता. कृती परिणामकारक ठरली का, यासाठी तीन महिने दरमहा शॉपवरील प्रत्येक साधन यादीशी ताडायचे ठरले होते, पण त्याला ट्रॅकरमध्ये जागाच नव्हती. दुसऱ्या महिन्याच्या फेरीत टूल रूममधील एका ज्येष्ठ कारागिराच्या डब्यात त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर मिळाला, ज्यावर क्रमांकच नव्हता. तो आमच्या यादीत कधी चढलाच नव्हता, त्यामुळे साप्ताहिक यादी कितीही काटेकोर असली, तरी त्याला परत मागवू शकत नव्हती. तेव्हा मी ‘उत्तर स्वीकारल्याची तारीख’ आणि ‘परिणामकारकता तपासल्याची तारीख’ असे दोन रकाने केले, ०४-अ पुन्हा खुली केली आणि कारणाच्या रकान्यात जुन्या मजकुरावर न लिहिता खाली तारीख टाकून जोडले की, यादीबाहेरची वैयक्तिक साधने कारखान्यात आणण्यावर नियंत्रण नव्हते.