पावसात टेलिफोनवरचं ब्रॉडबँड रांगायला लागलं तर दोष कसा शोधावा

आमच्या चिपळूणच्या घरी अजून तांब्याच्या तारेवरचंच नेट आहे. एरवी मोडेम आठ एमबीपीएसच्या आसपास जोडला जातो. दोन दिवस मुसळधार पाऊस झाला आणि तो आकडा एकच्याही खाली आला. असं झालं की बहुतेक जण मोडेम बदलायला निघतात. त्याआधी पुढच्या क्रमाने तपासून पाहा.

सर्वांत आधी कान वापरा. लाइनला वायरचा साधा फोन लावा, रिसीव्हर उचला आणि कोणताही एक आकडा दाबा. डायल टोन थांबतो आणि काही सेकंद शांतता असते. त्या शांततेत खरखर, कुरकुर किंवा गुणगुण ऐकू आली तर कुठेतरी पाणी शिरलं आहे किंवा जोड सैल झाला आहे, असं धरायला हरकत नाही. कॉर्डलेस फोन यासाठी वापरू नका, त्याची स्वतःचीच खरखर असते. आणि विजा कडाडत असताना लाइनला हातही लावू नका.

मग मोडेमचं पान उघडा. बहुतेक मोडेमवर ते `192.168.1.1` या पत्त्यावर मिळतं. तिथल्या डीएसएलच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटच्या, माहितीत तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे जोडणीचा वेग. स्पीड टेस्टमध्ये दिसणारा वेग वेगळा, तो वाय-फायमुळेही कमी दिसू शकतो. दुसरी `SNR Margin`, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली मोकळीक. ही सहा डेसिबलच्या खाली गेली की लाइन तुटायची शक्यता वाढते. तिसरी `Attenuation`, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला. हा आकडा मुख्यतः एक्सचेंजपासूनच्या अंतरावर ठरतो, त्यामुळे एरवी फारसा हलत नाही. पावसानंतर तो वाढलेला दिसला तर संशय थेट जोडावर घ्यावा. आमच्याकडे तो 38 वरून 43 झाला होता.

आता घरातला दोष आणि बाहेरचा दोष वेगळे करा. बाहेरून आलेली तार घरात ज्या पहिल्या रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीला, येते, तिथे मोडेम थेट लावा. मध्ये फोन आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर नको, लांब वायर नको, आणि आतल्या खोल्यांकडे जाणारी समांतर तार त्या रोझेटमधून सोडवून ठेवा. आमच्या माजघरातला जुना फोन अशाच समांतर तारेवर होता आणि त्याला फिल्टर नव्हता. फोनचा आवाज चार किलोहर्ट्झच्या खाली असतो, नेटचा सिग्नल त्याच्या बराच वर. फिल्टर नसेल तर फोन नेटचा सिग्नल गिळतो आणि नेटचा गोंगाट फोनवर ऐकू येतो. म्हणून एक तर प्रत्येक फोनला स्वतंत्र फिल्टर लावा, नाहीतर पहिल्याच रोझेटला एक स्प्लिटर लावून सगळे फोन त्याच्या `PHONE` तोंडावरून घ्या. नुसता फोन काढून तार लोंबती ठेवली तरी ती सिग्नलला त्रास देते.

माजघराची तार सोडवल्यावर आमचा वेग दोनपर्यंत चढला, पण तिथेच अडकला. म्हणजे घरातला दोष खरा होता, पण मोठा दोष बाहेर होता.

वळचणीखाली ड्रॉप वायरला, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या तारेला, एक जोड होता, नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेला. लाइनमन आले, त्यांनी टेप सोडली तर आतून पाणी ठिबकलं आणि तांबं हिरवं पडलेलं होतं. ओल्या जोडात दोन तारांमध्ये वीज झिरपते आणि गंजामुळे अडथळा वाढतो. अशा गंजक्या जोडाची एक खूण लक्षात ठेवा: फोन उचलला किंवा घंटी वाजली की नेट अचानक तुटतं किंवा उलट काही वेळ सुधारतं, कारण त्या वेळी तारेतून जास्त वीज वाहते. बाहेरचा जोड किंवा खांबावरची डीपी, म्हणजे तारा जोडायची पेटी, स्वतः उघडू नका. घंटीच्या वेळी तारेवर झटका बसण्याइतका दाब असतो.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. ‘फोनवर खरखर आहे, पावसानंतर सुरू झाली, पहिल्या रोझेटलाही तसंच आहे’ असं सांगा, म्हणजे काम लाइनमनकडे जातं. तो आला की टेपवर टेप मारू देऊ नका. गंजलेला भाग कापून, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे येऊन, जेली भरलेल्या कनेक्टरने जोड करायला सांगा. शक्य असेल तर जोडच नको, अखंड नवी ड्रॉप वायर ओढून घ्या. ती घरात शिरण्याआधी खाली एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न येता तिथूनच गळून पडतं.

जोड नवा झाल्यावरही आमच्या पडद्यावर वेग दोनच होता, पण मोकळीक 20 डेसिबलच्या वर गेली होती. लाइन सुधारली तरी बरेच मोडेम आपणहून वर जोडले जात नाहीत. मोडेम एकदा बंद करून चालू केला आणि आठचा आकडा परत आला.