थर्मामीटर सुडोकू: पारा कोणते आकडे गाळतो ते शोधा

थर्मामीटर सुडोकूचा पट पहिल्यांदा पाहिला की बहुतेकांना वाटतं, छपाईत काहीतरी चुकलंय. नेहमीच्या सुडोकूत पंचवीस-तीस आकडे छापलेले असतात, इथे कधी चार-पाच, तर कधी एकही नाही. त्याऐवजी घरांतून वळत गेलेल्या राखाडी नळ्या दिसतात. प्रत्येक नळीच्या एका टोकाला गोळा असतो, दुसरं टोक साधं. नेहमीचे नियम तसेच आहेत: प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि ३×३ च्या चौकोनात १ ते ९ एकदाच. जास्तीचा नियम एकच. गोळ्यापासून टोकाकडे जाताना आकडा प्रत्येक घरात वाढलाच पाहिजे, पारा चढतो तसा.

वाढला पाहिजे म्हणजे एकेकाने वाढला पाहिजे असं नाही. २ नंतर थेट ७ आला तरी चालतो. नवशिके हमखास इथे घसरतात: ३, ४ दिसले की पुढे ५ लिहून मोकळे होतात आणि वीस मिनिटांनी पट अडकतो.

सुरुवात सर्वांत लांब नळीपासून करा. तिची घरं मोजा आणि ती संख्या ९ मधून वजा करा. उरेल ती त्या नळीची मोकळीक. सात घरांच्या नळीची मोकळीक २, म्हणजे नऊपैकी दोन आकडे ती गाळणार आणि बाकीचे सात चढत्या क्रमाने बसणार. नऊ घरांच्या नळीला मोकळीकच नसते, तिथे १ ते ९ सरळ लिहून टाका. गोळ्यात १ पासून सुरू करून मोकळीक असेल तितके पुढचे आकडे शक्य असतात, आणि पुढच्या प्रत्येक घरात दोन्ही मर्यादा एकेकाने वर सरकतात.

एक नळी घेऊन पाहू. गोळा तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या स्तंभात आहे. नळी तिथून सरळ वर पहिल्या ओळीपर्यंत जाते, उजवीकडे वळते आणि त्याच ओळीत सहाव्या स्तंभात संपते. घरं सात. गोळ्यापासून त्यांना क, ख, ग, घ, च, छ, ज म्हणू. म्हणजे क आणि ख तिसऱ्या व दुसऱ्या ओळीत, आणि ग ते ज ही पाच घरं पहिल्या ओळीत शेजारी-शेजारी. पेन्सिलने बारीक लिहायचे आकडे असे:

क: १ २ ३
ख: २ ३ ४
ग: ३ ४ ५
घ: ४ ५ ६
च: ५ ६ ७
छ: ६ ७ ८
ज: ७ ८ ९

आता समजा, पटावर दोनच आकडे छापलेत: पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात ६ आणि दुसऱ्या स्तंभात, आठव्या ओळीत १.

आधी ६ कडे बघा. वरच्या यादीत ६ फक्त घ, च आणि छ मध्ये येतो. ही तिन्ही घरं पहिल्या ओळीत आहेत आणि त्या ओळीचा ६ वापरून झालाय. म्हणजे ही नळी ६ गाळणारच. दोनपैकी एक मोकळीक इथे खर्च झाली. उरलेल्या आठ आकड्यांतून सात घरं भरायची, त्यामुळे प्रत्येक घरात दोनच पर्याय राहतात: क मध्ये १-२, ख मध्ये २-३, ग मध्ये ३-४, घ मध्ये ४-५, च मध्ये ५-७, छ मध्ये ७-८, ज मध्ये ८-९.

आता १. तो नळीत कुठे बसला तर गोळ्यातच बसेल, कारण त्याच्या आधी यायला लहान आकडाच नाही. पण गोळा दुसऱ्या स्तंभात आहे आणि तिथे १ आधीच आहे. म्हणजे १ सुद्धा गाळला. मोकळीक संपली! क पासून ओळीने लिहा: २, ३, ४, ५, ७, ८, ९. दोन आकड्यांनी सात घरं भरली, आणि एवढ्यावर थांबायचं कारण नाही. पहिल्या ओळीत आता १, २, ३ उरले आणि घरं उरली पहिलं, सातवं आणि आठवं. पहिल्या घराच्या चौकोनात २ आणि ३ नुकतेच बसलेत (क आणि ख), त्यामुळे तिथे १ च येतो.

मला ही ‘कोणता आकडा गाळला’ अशी उलटी चौकशी घराघरात पर्याय खोडत बसण्यापेक्षा जास्त आवडते, पण तिची अट काटेकोर पाळावी लागते. आकडा नळीवर जिथे-जिथे शक्य आहे, ती सगळी घरं बंद झाली तरच तो गाळला म्हणायचं. समजा, ६ आणि १ ऐवजी दुसऱ्या स्तंभात खाली कुठेतरी ४ छापलाय. ४ शक्य आहे ख, ग आणि घ मध्ये. ख आणि ग दुसऱ्या स्तंभात आहेत, पण घ तिसऱ्यात. तिथे ४ अजून बसू शकतो, म्हणून मोकळीक कमी करायची नाही. तोच ४ डावीकडच्या वरच्या चौकोनात नळीबाहेर छापलेला असता, तर तिन्ही घरं एकदम बंद झाली असती आणि ४ नक्की गाळला असता.

अर्थात स्तंभातला ४ अगदीच वाया जात नाही. ख चा सर्वांत मोठा पर्याय ४ होता. तो गेला, ख मध्ये जास्तीत जास्त ३ राहिला, म्हणून गोळ्यातला ३ ही उडाला. इथे दिशा लक्षात ठेवा. घरातला सर्वांत मोठा पर्याय खोडला की त्याचा परिणाम गोळ्याकडे जातो, सर्वांत लहान खोडला की टोकाकडे. मधला खोडला, जसा ग मधला ४, तर एकट्याने तो शेजारच्या घराला काहीच सांगत नाही. खोडाखोड झाल्यावर नळीवरून त्या दिशेने एकदा बोट फिरवायचं. हे राहून जातं, आणि मग उत्तर समोर असून दिसत नाही.

लांब नळ्या संपल्या की १ आणि ९ शोधा. नळीवर १ फक्त गोळ्यात आणि ९ फक्त टोकाच्या घरात राहतो. एखाद्या चौकोनातली बहुतेक घरं नळ्यांच्या मधल्या भागांनी व्यापली असतील, तर तिथल्या ९ ला एखाद-दुसरंच घर उरतं. दोन-तीन घरांच्या बुटक्या नळ्या सुरुवातीला निरुपयोगी वाटतात, पण या कामाला त्याच उपयोगी पडतात.

एकाच गोळ्यातून दोन नळ्या फुटल्या असतील, तर गोळ्यापासून टोकापर्यंतची प्रत्येक वाट स्वतंत्र मोजा. गोळ्याची वरची मर्यादा लांब वाट ठरवते. दोन नळ्या एखाद्या घरात एकमेकींना छेदत असतील, तर त्या घरात दोन्ही याद्यांमधले सामाईक आकडेच ठेवा.

एखाद्या घरात एकही पर्याय उरला नाही, तर लगेच सगळं खोडू नका. आधी त्या नळीचा गोळा खरंच तुम्ही समजता त्या टोकाला आहे का ते पाहा, मग घरं पुन्हा मोजा. फिकट छपाईत वळणावरचं एक घर सहज निसटतं, आणि एक घर कमी मोजलं की मोकळीक एकाने जास्त धरली जाते. कोड्याखालचे नियमही नीट वाचा. काही रचनाकार ‘स्लो थर्मो’ देतात. त्यात पारा चढला नाही तरी चालतो, फक्त उतरता कामा नये. नळी तिरकी जाऊन दुसऱ्या चौकोनात शिरली, तर शेजारच्या दोन घरांत तोच आकडा पुन्हा येऊ शकतो, त्यामुळे मोकळीक मोजायची ही पद्धत तिथे लागू पडत नाही.