शाळेचं वर्ष संपेपर्यंत स्थलांतर पुढे कसं ढकलावं

पुण्याहून बंगळुरूची ऑफर जानेवारीत आली, मुलांची वार्षिक परीक्षा मात्र एप्रिलमध्ये. अशा वेळी रुजू होण्याची तारीख पुढे मागू नका. रिक्रूटरला जागा लवकर भरायची असते, तिथेच बोलणी अडतात. रुजू वेळेवर व्हा, फक्त स्थलांतराची तारीख वेगळी मागा.

ऑफर स्वीकारण्यापूर्वीच ईमेल करा: "१ फेब्रुवारीला रुजू होतो. एप्रिलअखेरपर्यंत पुण्यातून काम करेन, महिन्यातून एक आठवडा बंगळुरूला येईन. कुटुंबासह ५ मेपर्यंत स्थलांतर करेन." सोबत शाळेचं परीक्षा वेळापत्रक जोडा. ठरलेली तारीख ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या; तोंडी होकार मॅनेजर बदलला की टिकत नाही.

सामान हलवण्याचा खर्च कंपनीकडून मागण्याची मुदत बहुधा रुजू झाल्यापासून मोजतात. ती स्थलांतराच्या तारखेपासून धरायला सांगा, नाहीतर मे महिन्यातलं बिल नाकारलं जाऊ शकतं.