गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन आणि फिश ऑइल: फरक पडला असं ठरवताना होणाऱ्या चुका

चाळिशी-पन्नाशीत नियमित धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्या माणसाचा गुडघा कुरकुरायला लागला, की चार जण चार गोळ्या सुचवतात. त्यांत ग्लुकोसामाइन आणि फिश ऑइल हमखास असतात. सुचवणारा खोटं बोलत नसतो, कारण त्याला खरोखरच बरं वाटलेलं असतं. ते बरं वाटणं गोळीमुळेच होतं, असं मात्र त्यावरून ठरत नाही.

चूक पहिली: दुखणं कळसाला असताना गोळी सुरू करणं आणि ओसरलं की श्रेय तिला देणं

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, 48 वर्षांचा एक माणूस आठवड्यातून चार दिवस धावतो. एका स्पर्धेच्या तयारीत त्याने अंतर झपाट्याने वाढवलं आणि जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कळ येऊ लागली. 0 ते 10 च्या मोजपट्टीवर दुखणं 7 वर गेलं. त्याच आठवड्यात त्याने ग्लुकोसामाइन आणि फिश ऑइल दोन्ही चालू केलं. शिवाय धावणं निम्मं केलं, फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीचे व्यायाम सुरू केले आणि झिजलेले बूट बदलले. दोन महिन्यांनी दुखणं 3 वर आलं. आता मित्रांना तो काय सांगेल? गोळ्यांनी गुण आला!

इथे एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या आहेत. सहावी गोष्ट कुणी मोजतच नाही. गुडघेदुखी मुळातच वरखाली होते आणि माणूस उपाय शोधतो तो ती सगळ्यात वर असताना. तिथून काहीही केलं, अगदी काही केलं नाही तरी, ती बहुधा खालीच येते.

हे किती मोठं असतं ते 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘गेट’ चाचणीत दिसलं. गुडघ्याची झीज असलेल्या सुमारे 1,580 लोकांना 24 आठवडे ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन हे सांध्यांसाठी विकलं जाणारं दुसरं पूरक, दोन्ही एकत्र, सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक किंवा प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, देण्यात आली. दुखणं किमान 20 टक्क्यांनी कमी झालं तर गुण आला, असं मानायचं होतं. प्लासिबो घेणाऱ्यांपैकी 60 टक्के लोकांना गुण आला. ग्लुकोसामाइनवर हे प्रमाण 64 टक्के होतं आणि हा फरक योगायोगापेक्षा वेगळा म्हणण्याइतका नव्हता. म्हणजे ‘मला फरक पडला’ म्हणणारे दहातले सहा जण तर औषधाशिवायच निघतात. ओळखीतल्या तिघांना गुण आला, हा पुरावा का ठरत नाही ते यावरून कळेल.

चूक दुसरी: चाचणीतला सोयीचा तुकडा तेवढा उचलणं

याच चाचणीत एक उपगट होता. मध्यम ते तीव्र दुखणं असलेल्या सुमारे 350 लोकांमध्ये ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांपैकी 79 टक्क्यांना गुण आला, तर प्लासिबोवर 54 टक्क्यांना. जाहिरातींना हा आकडा फार आवडतो. पण अनेक उपगट तपासले की एखादा नशिबानेही चमकून दिसतो. संशोधकांनीही तो निर्णायक मानला नाही, पुढे तपासायला हवा असंच म्हटलं.

तसं तपासणं झालंही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, तीव्र दुखणं असलेल्यांमध्ये ही जोडगोळी सेलेकॉक्सिबच्या तोडीस तोड ठरली. ऐकायला उत्तम, फक्त त्यात प्लासिबोचा गटच नव्हता. तेव्हा दोन्हीकडचा किती गुण औषधाचा आणि किती नुसत्या काळाचा, हे सांगायची सोय राहिली नाही. त्यानंतर 164 लोकांवरच्या आणखी एका चाचणीत प्लासिबोचा गट ठेवला गेला. त्यात प्लासिबोवाल्यांचं दुखणं जोडगोळीवाल्यांपेक्षा जास्त कमी झालं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे, पण गोळीच्या डबीवर ती कधी दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘गेट’मध्ये ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड वापरलं होतं, तर चांगले निकाल आलेल्या जुन्या चाचण्या मुख्यतः एका उत्पादकाच्या ग्लुकोसामाइन सल्फेटच्या आहेत, रोज 1,500 मिलिग्रॅमच्या. म्हणूनच युरोपातल्या तज्ज्ञांचा एक गट औषध म्हणून मिळणारं, शुद्ध स्वरूपातलं सल्फेट अजूनही सुचवतो. याउलट अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शनात गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन घेऊ नये असं ठामपणे म्हटलं, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचंही मत तेच आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण उत्पादकाशी संबंध नसलेल्या चाचण्यांत फायदा जवळजवळ नाहीसा होतो. तरीही घ्यायचंच असेल तर डबीवर सल्फेट लिहिलंय की हायड्रोक्लोराइड, एवढं तरी वाचा.

चूक तिसरी: आज दुखत नाही, म्हणून उद्यासाठी घेणं

‘सांधे शाबूत राहावेत’ म्हणून आधीपासून ग्लुकोसामाइन घेणारे बरेच असतात. यावर नेदरलँड्समध्ये थेट चाचणी झाली. 50 ते 60 वयाच्या, वजन जास्त असलेल्या पण गुडघ्याची झीज नसलेल्या 407 स्त्रियांना अडीच वर्षं सल्फेट किंवा प्लासिबो दिलं. गुडघ्याची झीज सुरू होण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. गंमत म्हणजे याच चाचणीत आहार-व्यायामाचा कार्यक्रमही एकूण गटात तसा निर्विवाद फरक दाखवू शकला नाही. प्रतिबंध सिद्ध करणं इतकं अवघड असतं. मग ‘कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पुन्हा तयार होते’ असं छातीठोकपणे लिहिणाऱ्याकडे कोणता पुरावा असतो, हे विचारायला हरकत नसावी.

चूक चौथी: फिश ऑइल चुकीच्या आजारासाठी, आणि डोस डबीच्या दर्शनी बाजूवरून

फिश ऑइलची गोष्ट वेगळी आहे, कारण एका सांधेदुखीत त्याचा उपयोग खरोखर दिसतो. ती म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि दाह होतो. नेहमीच्या औषधांसोबत जास्त डोसमध्ये फिश ऑइल दिल्यावर काही रुग्णांची वेदनाशामकांची गरज कमी झालेली आढळली आहे. हा डोस ईपीए आणि डीएचए या फिश ऑइलमधल्या दोन ओमेगा-3 मेदाम्लांचा मिळून रोज साधारण 2.7 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो.

आता डबी उलटी करून मागचा तक्ता पाहा. पुढे ठळक अक्षरांत 1,000 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण ते एकूण तेलाचं वजन झालं. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे मिळून 300 मिलिग्रॅम असतात. अशा रोज एका कॅप्सूलने वरच्या डोसचा जेमतेम नववा भाग मिळतो. कित्येक जण वर्षभर ती एक कॅप्सूल घेतात आणि ‘मला लागू पडलं नाही’ किंवा ‘मस्त लागू पडलं’ असं ठामपणे सांगतात. दोन्ही निष्कर्ष तितकेच पोकळ.

पण डोस वाढवला की झिजेच्या गुडघेदुखीत फायदाही वाढतो, असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात 202 जणांवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीत एका गटाला रोज 4.5 ग्रॅम आणि दुसऱ्याला 0.45 ग्रॅम ईपीए-डीएचए मिळालं. दोन वर्षांनी कमी डोसवाल्यांचंच दुखणं जास्त कमी झालेलं होतं, आणि कूर्चेच्या घनफळात दोन्ही गटांत फरक नव्हता. त्यात खरा प्लासिबो नसल्यामुळे ‘कमी डोस लागू पडतो’ असंही यावरून म्हणता येत नाही. पुढे अमेरिकेत रोज एक ग्रॅम ओमेगा-3 देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत गुडघेदुखीवर फायदा आढळला नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 262 लोकांवरच्या चाचणीत क्रिल ऑइल, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जिवांपासून काढलेलं ओमेगा-3 तेलही प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही.

तेव्हा आधी पाहायचं ते हे, की दुखणं कुठल्या जातीचं आहे. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात, बोटांचे किंवा मनगटाचे सांधे दोन्ही हातांत सुजतात, हालचाल केल्यावर थोडं मोकळं वाटतं, असं असेल तर डॉक्टरकडे तपासणी करा. आमवात असेल तर मूळ उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं आणि कॅप्सूल घेत घालवलेले महिने महागात पडतात. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणं, किंवा एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं स्नायूबंधाचं दुखणं, ही झीज असेलच असं नाही. ग्लुकोसामाइनच्या चाचण्या बहुतेक झिजेच्या रुग्णांवर झालेल्या आहेत, त्यामुळे अशा दुखण्यावर त्यांचा निकाल तसाच लावता येत नाही. आपला 48 वर्षांचा धावपटू कदाचित याच गटातला.

मग घेऊनच पाहायचं असेल तर

तो धावपटू पुन्हा सुरुवात करतोय असं समजू. आधी तीन-चार आठवडे गोळी नाही. धावण्याचं अंतर, व्यायाम, बूट सगळं जैसे थे ठेवायचं आणि रोज एकाच वेळी, तोच जिना उतरल्यावर, 0 ते 10 मधला आकडा वहीत लिहायचा. नुसतं ‘आज बरं आहे’ असं लिहून चालत नाही. मग एकच गोष्ट सुरू करायची. ग्लुकोसामाइन निवडलं तर सल्फेट 1,500 मिलिग्रॅम, 12 आठवडे. या काळात वेदनाशामक घेतलं तर त्याचीही नोंद करायची. नंतर गोळी बंद करून आणखी सहा आठवडे लिहीत राहायचं.

शेवटी तिन्ही काळांची सरासरी काढायची. समजा, आधी 4.2, गोळीवर 3.6 आणि बंद केल्यावर 3.5 आली. गोळी थांबल्यावरही दुखणं खालीच राहिलं, म्हणजे घसरण गोळीची नव्हती. बंद केल्यावर सरासरी पुन्हा 4 च्या वर चढली असती तर निदान दुसरी फेरी करण्यासारखं काही हाती असतं. अर्धा-पाऊण अंकाचा फरक मात्र रोजच्या चढउतारात सहज बुडून जातो. बहुतेक लोक गोळी बंद करण्याची पायरीच गाळतात, कारण बरं वाटत असताना थांबायचं धाडस होत नाही. खरी माहिती नेमकी त्याच पायरीत असते.

काही जणांनी हा प्रयोग स्वतःहून करूच नये. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांमध्ये ग्लुकोसामाइन सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी गोळी कशापासून बनली ते पाहावं, कारण बरंचसं ग्लुकोसामाइन त्यांच्याच कवचापासून काढतात. फिश ऑइलच्या मोठ्या डोसने एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा, धोका वाढतो असं हृदयरोगाच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे आणि एक ग्रॅमच्या वरच्या डोसला तो जास्त असतो. धावताना अधूनमधून धडधड जाणवणाऱ्याने गुडघ्यासाठी रोज चार-पाच ग्रॅम घेण्याआधी ईसीजी काढून घ्यावा.