गेम लांबणीवर पडल्याचे खेळाडूंना कळवताना या चुका टाळा

प्रकाशनाला 9 दिवस उरले असताना आमच्या गेममध्ये एक गंभीर बग सापडला आणि तारीख पुढे ढकलावी लागली. खेळाडूंसाठी लिहिलेल्या डेव्हलॉगच्या पहिल्या मसुद्यात आम्ही इतकेच म्हटले होते, की ‘काही तांत्रिक कारणांमुळे आणि गुणवत्तेत सुधारणा करण्यासाठी’ प्रकाशन पुढे जात आहे. पहिली चूक तीच होती. अशा वाक्यातून काय बिघडले आहे आणि त्याचा त्रास कोणाला होणार आहे, यांपैकी काहीच कळत नाही, त्यामुळे गेम निम्माच तयार आहे असा अर्थ खेळाडू काढतात, आणि तो त्यांनी काढला तर दोष त्यांचा नाही.

प्रत्यक्षात घडले होते ते असे. आमच्या गेममधील प्रत्येक खोलीत सरासरी 12 दिवे आहेत आणि खोली उघडताच प्रत्येक दिवा गेममधल्या घड्याळाकडे आपली नोंद करतो, जेणेकरून दर मिनिटाला घड्याळाने त्याला वेळ कळवावी. गेममधले एक मिनिट म्हणजे खरा एक सेकंद. खेळाडू खोलीबाहेर पडला की दिवा पडद्यावरून जात असे, पण घड्याळाकडची नोंद तशीच राहत असे. तासाला 40 वेळा खोल्या बदलल्या, तर पाच तासांत अशा 2,400 मृत नोंदी साचतात आणि घड्याळ दर सेकंदाला त्या सर्वांना वेळ सांगत बसते. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. आमच्या सर्वांत कमकुवत चाचणी-संगणकावर पाच तासांनंतर दर सेकंदाची एक फ्रेम 70 मिलिसेकंद घेऊ लागली.

दुसरी चूक सरासरी आकडा देण्याची. 70 मिलिसेकंदांची फ्रेम पडद्याच्या पाच ठोक्यांची जागा खाते, म्हणून त्या सेकंदात 60 ऐवजी 56 फ्रेम दिसतात. ‘वेग 60 वरून 56 वर आला’ असे लिहिले असते, तर एवढ्यासाठी कोणी गेम थांबवते का, असे खेळाडूंनी विचारले असते. खेळणाऱ्याला मात्र धावताना दर सेकंदाला एक झटका बसतो आणि नेमक्या क्षणी मारलेली उडी चुकते. तेव्हा सरासरी बाजूला ठेवून झटका किती लांब आहे, तो किती वेळाने येतो आणि किती तास खेळल्यावर सुरू होतो, हे लिहावे.

हा बग इतक्या उशिरा का सापडला, हेही सांगायला हवे, कारण हा प्रश्न येतोच. आमचे चाचणी करणारे सहकारी अर्धा तास खेळून नवी बिल्ड सुरू करत आणि गेम बंद होताच साचलेल्या नोंदी मेमरीतून पुसल्या जात. दोष त्यांच्या कामाचा नव्हता. सलग सहा तासांची चाचणी आम्ही आखलीच नव्हती, आणि डेव्हलॉगमध्ये ते तसेच लिहिले.

डेमो खेळणाऱ्यांना स्वतःच्या संगणकावरही हा फरक ओळखता येतो. गेम बंद करून पुन्हा सुरू केल्यावर झटके थांबले, तर ते चालू सत्रात साचत गेलेल्या कशामुळे तरी येत आहेत. तीच सेव्ह फाइल उघडताच झटके परत आले, तर संशय सेव्हमधील माहितीवर घ्यावा. प्रत्येक नव्या ठिकाणी फक्त पहिल्यांदाच अडखळत असेल, तर बहुधा शेडर, म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, त्या क्षणी तयार होत असतात. आमच्या नोंदी केवळ मेमरीत असल्यामुळे सेव्ह सुरक्षित आहेत, हे वाक्य आम्ही सुरुवातीलाच घातले, कारण खेळाडूला सर्वांत मोठी भीती आपली प्रगती गमावण्याची असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दुरुस्ती तपासण्याआधी नवी तारीख जाहीर करणे. नोंद काढून टाकणारी ओळ आम्ही एका दुपारीच लिहिली आणि झटके गेले, परंतु खोलीत परतल्यावर काही दिवे रात्री पेटेनासे झाले, कारण खोली दुसऱ्यांदा उघडताना ते पुन्हा नोंद करत नव्हते. त्या दुपारीच तारीख दिली असती, तर ती पुन्हा मोडावी लागली असती. पहिल्याच दिवशी पॅच द्यावा, असेही काहींनी सुचवले होते. मात्र इंटरनेटशिवाय खेळणाऱ्यांपर्यंत तो पोहोचला नसता. प्रत्येक खोलीतील दिवे तपासणे आणि त्याच कमकुवत संगणकावर सलग सहा तास खेळून शेवटच्या तासाचा फ्रेम-आलेख पहिल्या तासाशी ताडून पाहणे, एवढे झाल्यावरच तारीख ठरेल, असे आम्ही लिहिले.

अखेर डेव्हलॉगमध्ये गेला तो परिच्छेद असा होता: ‘काही तास सलग खेळल्यावर गेम दर सेकंदाला अडखळतो. कारण सापडले आहे, दुरुस्तीची तपासणी सुरू आहे. तुमच्या सेव्ह सुरक्षित आहेत. डेमोमध्ये हा त्रास झाल्यास सेव्ह करून गेम पुन्हा सुरू करा. सहा तासांची चाचणी पार पडेपर्यंत नवी तारीख देणार नाही, पण तिचा निकाल, चांगला असो वा वाईट, येत्या शुक्रवारी येथेच कळवू.’